शहरांची लोकसंख्या नकाशावर दाखवायची: वर्तुळं काढायची की छटा भरायच्या?

नकाशा करायला बसलेला नवशिक्या बहुतेक वेळा पहिल्यांदा रंग भरतो. जिल्ह्यांच्या सीमा हाताशी असतात, लोकसंख्येचे आकडे असतात, मग जास्त लोकसंख्येला गडद आणि कमी लोकसंख्येला फिका रंग दिला की नकाशा झाला असं वाटतं. शाळेच्या भूगोलात ज्याला क्षेत्रघनी पद्धत म्हणतात ती हीच. पद्धत चांगली आहे, पण शहराची एकूण लोकसंख्या दाखवायला ती चालत नाही. त्यासाठी प्रमाणबद्ध वर्तुळं काढावी लागतात. का, आणि ती कशी काढायची, हे पुणे विभागातल्या दहा शहरांवर करून पाहू. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, आणि आकडे २०११ च्या जनगणनेचे.

छटा कुठे फसवते

छटा भरली की डोळा दोन गोष्टी एकदम वाचतो: रंग किती गडद आहे आणि तो किती जागेवर पसरला आहे. दुसरी गोष्ट आपण दाखवायला घेतलेलीच नसते, ती जिल्ह्याच्या आकारामुळे आपोआप येते.

सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौ. किमी आणि लोकसंख्या ४३,१७,७५६. कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौ. किमी आणि लोकसंख्या ३८,७६,००१. म्हणजे माणसं सोलापुरात जेमतेम ११ टक्क्यांनी जास्त, पण कागदावर रंग लागतो जवळपास दुप्पट जागेला. एकूण लोकसंख्येची छटा भरली तर सोलापूर कोल्हापूरपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. आता हीच लोकसंख्या क्षेत्रफळाने भागा. सोलापूरची घनता चौ. किमीला सुमारे २९० निघते आणि कोल्हापूरची सुमारे ५०४. क्रम उलटला. आकडे तेच, नकाशा तोच, फक्त एकूण संख्येऐवजी गुणोत्तर घेतलं आणि गडद रंग सोलापूरवरून उठून कोल्हापूरवर गेला. छटेसाठी नियम इथूनच येतो: जे क्षेत्रफळाने, लोकसंख्येने किंवा दुसऱ्या कशाने भागलेलं आहे तेच छटेने दाखवायचं. घनता, साक्षरतेचं प्रमाण, वाढीचा दर चालेल. नुसती मोजलेली संख्या चालणार नाही.

शहरांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पुणे शहराची लोकसंख्या दाखवायला जिल्हा रंगवला तर तो गडद रंग वेल्ह्याच्या डोंगरातही जातो आणि जुन्नरच्या घाटातही. तिथे ती माणसं राहत नाहीत. बरं, जिल्हा सोडून फक्त शहराची हद्द रंगवायची म्हटलं, तर ए४ कागदावर अख्खा विभाग मावेल अशा प्रमाणात पुण्याची हद्द नखाएवढी होते आणि बारामती ठिपका. ठिपक्याचा रंग सूचीतल्या कोणत्या खान्याशी जुळतो हे कोणाला ओळखता येणार?

आधी आकडे एका जातीचे करा

वर्तुळं काढण्याआधी प्रत्येक शहराचा आकडा नेमक्या कोणत्या हद्दीचा आहे ते बघा. जनगणनेत ‘पुणे’ दोन ठिकाणी सापडतं. पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ आहे आणि पुणे नागरी समूहाची ५० लाखांच्या वर. नागरी समूहात पिंपरी-चिंचवड आणि कटक मंडळंही धरलेली असतात. नागरी समूहाचा आकडा घेऊन वर पिंपरी-चिंचवडचं वेगळं वर्तुळ काढलं, तर तीच सतरा लाख माणसं दोनदा मोजली जातात. नकाशाकडे बघून ही चूक कळत नाही. ती आकड्यांच्या तक्त्यातच पकडावी लागते. या लेखात सगळीकडे महानगरपालिका किंवा नगरपालिकेची हद्द धरली आहे. इचलकरंजी महानगरपालिका झाली २०२२ मध्ये, तेव्हा २०११ चा आकडा नगरपालिकेचा आहे. पण शहर ते एकच, त्यामुळे काही बिघडत नाही.

हद्दीचं दुसरं दुखणं खास पुण्याचं आहे. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली आणि सुमारे २५० चौ. किमीची हद्द ५०० च्या पलीकडे गेली. आजची हद्दीची फाइल आणि २०११ ची लोकसंख्या एकत्र घेऊन घनता काढली, तर चौ. किमीला सुमारे साडेबारा हजार यायला हवेत तिथे सहा हजारांच्या आसपास आकडा येतो. छटेचा नकाशा इथे सपशेल खोटा ठरतो. वर्तुळाला हद्द लागतच नाही, शहराचा एक बिंदू पुरतो. त्यामुळे वर्तुळांचा नकाशा या खड्ड्यात पडत नाही. नकाशाखाली ‘२०११ ची हद्द’ असं मात्र लिहायला हवं.

त्रिज्या कशी काढायची

वाचकाच्या डोळ्यांना वर्तुळाचं क्षेत्रफळ दिसतं, म्हणून लोकसंख्या क्षेत्रफळात उतरली पाहिजे. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे त्रिज्या लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यायची. वर्गमूळ विसरून थेट लोकसंख्येच्या प्रमाणात त्रिज्या घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पुणे सोलापूरच्या ३.३ पट आहे. त्रिज्या ३.३ पट केली तर पुण्याचं वर्तुळ सोलापूरच्या जवळपास ११ पट जागा खातं.

सुरुवात सगळ्यात मोठ्या वर्तुळापासून करायची, कारण कागदावरची जागा तेच ठरवतं. उभ्या ए४ कागदावर १:१८,००,००० हे प्रमाण घेतलं तर विभाग समासासकट मावतो आणि १ मिमी म्हणजे १.८ किमी होतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर सुमारे १४ किमी आहे, म्हणजे कागदावर साडेसात मिमीच्या थोडं वर. पुण्याला १५ मिमी त्रिज्या दिली तर पिंपरी-चिंचवडची ११ मिमी होते, आणि ते वर्तुळ जवळपास सगळंच पुण्याच्या आत जातं. बाहेर उरते पावणेचार मिमीची कोर. म्हणून पुण्याला ९ मिमी देऊ. वर्तुळं तरीही एकमेकांवर येतील, पण दोन्ही ओळखू येतील. दुसरं टोकही तपासायचं: सगळ्यात लहान बारामतीची त्रिज्या १.२ मिमी येते, ती छापल्यावर दिसते. लहान वर्तुळ अर्धा मिमीच्या खाली जात असेल, तर मोठं वर्तुळ वाढवायचं किंवा लहान शहरं त्या नकाशातून काढून टाकायची.

लोकसंख्या लाखांत घेतली तर पुण्याचं वर्गमूळ ५.५९ येतं. ९ भागिले ५.५९ म्हणजे १.६१. प्रत्येक शहराचं वर्गमूळ काढायचं आणि १.६१ ने गुणायचं.

| शहर | लोकसंख्या | लाखांत वर्गमूळ | त्रिज्या (मिमी) |
|---|---|---|---|
| पुणे | ३१,२४,४५८ | ५.५९ | ९.० |
| पिंपरी-चिंचवड | १७,२७,६९२ | ४.१६ | ६.७ |
| सोलापूर | ९,५१,५५८ | ३.०८ | ५.० |
| कोल्हापूर | ५,४९,२३६ | २.३४ | ३.८ |
| सांगली-मिरज-कुपवाड | ५,०२,७९३ | २.२४ | ३.६ |
| इचलकरंजी | २,८७,३५३ | १.७० | २.७ |
| सातारा | १,२०,१९५ | १.१० | १.८ |
| बार्शी | १,१८,७२२ | १.०९ | १.८ |
| पंढरपूर | ९८,९२३ | ०.९९ | १.६ |
| बारामती | ५४,४१५ | ०.७४ | १.२ |

हाताने काढणाऱ्याला एवढा तक्ता पुरे. दोन मिमीच्या आतलं वर्तुळ कंपासने नीट येत नाही, टोक घसरतं. त्या चार शहरांसाठी वर्तुळांच्या छिद्रांची प्लास्टिकची पट्टी वापरा. तिच्यावर सहसा व्यास लिहिलेला असतो, त्रिज्या नव्हे. सातारा आणि बार्शी नकाशावर सारखेच दिसतील आणि ते बरोबरच आहे, दोघांत दीड हजारांचा फरक आहे. तेवढा फरक वर्तुळ दाखवू शकत नाही. नेमका आकडा हवा असेल तर शहराच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहा.

क्यूजीआयएसमध्ये

संगणकावर काढायचं तर क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची प्रणाली वापरू. आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये शहरं लिहा. आकड्यांत स्वल्पविराम टाकू नका. `31,24,458` असं लिहिलं तर संगणक त्याचे तीन रकाने करतो आणि पुढचं सगळं सरकतं.

```
city,lat,lon,pop
पुणे,18.52,73.86,3124458
पिंपरी-चिंचवड,18.63,73.80,1727692
सोलापूर,17.66,75.91,951558
कोल्हापूर,16.70,74.24,549236
सांगली-मिरज-कुपवाड,16.85,74.60,502793
इचलकरंजी,16.69,74.46,287353
सातारा,17.68,74.00,120195
बार्शी,18.23,75.69,118722
पंढरपूर,17.68,75.33,98923
बारामती,18.15,74.58,54415
```

फाइल `UTF-8` मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. मग `Layer > Add Layer > Add Delimited Text Layer` मधून ती उघडा. `X field` मध्ये `lon`, `Y field` मध्ये `lat`, आणि `Geometry CRS` मध्ये `EPSG:4326`. एक्स म्हणजे रेखांश, हे उलटं झालं की शहरं महाराष्ट्रातून गायब होतात आणि नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडतात. प्रकल्पाचं प्रक्षेपण `EPSG:32643` ठेवा. ते यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्याचं आहे आणि पाचही जिल्हे त्या पट्ट्यात बसतात.

आता थराच्या `Symbology` मध्ये `Single Symbol` ठेवून वर्तुळ निवडा, एकक `Millimeters` आहे का ते बघा. `Size` च्या उजवीकडच्या छोट्या बटणावरून `Assistant` उघडा. नकाशा बिघडतो तो याच खिडकीत, म्हणून इथे सावकाश.

`Source` मध्ये `pop` दिला की लहानात लहान आणि मोठ्यात मोठी किंमत घेण्याची सोय समोर असते. ती घेतली, आणि आकार २ ते १८ मिमी दिला, तर नकाशा देखणा दिसतो पण प्रमाण सुटलेलं असतं. कारण प्रणाली बारामतीला शून्य धरते आणि तिथून वर मोजते. त्यात साताऱ्याचा व्यास ४.३ मिमी येतो आणि बारामतीचा २. क्षेत्रफळाने सातारा बारामतीच्या पावणेपाच पट दिसतो, आणि प्रत्यक्षात तो २.२ पट आहे. म्हणून सुरुवातीची किंमत आणि सुरुवातीचा आकार, दोन्ही हाताने शून्य करायचे:

```
Values from 0 to 3124458
Size from 0 to 18
Scale method: Surface
```

इथे आकार म्हणजे व्यास, म्हणून १८. `Surface` म्हणजे आपण वर केलेलं वर्गमुळाचं गणित. यादीत `Radius` आणि `Flannery` हेही पर्याय दिसतील, आणि निवडलेला पर्याय `Surface` च आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. `Radius` म्हणजे वर सांगितलेली ११ पटीची चूक.

`Flannery` मात्र चूक नाही. माणसाला मोठं वर्तुळ आहे त्यापेक्षा थोडं लहान वाटतं, असं प्रयोगांत दिसलं होतं, म्हणून जेम्स फ्लॅनरी यांनी १९७१ मध्ये वर्गमुळाच्या ०.५ ऐवजी सुमारे ०.५७ हा घातांक सुचवला. पुण्याचा व्यास १८ मिमीच ठेवून हा पर्याय घेतला, तर बारामती २.४ वरून १.८ मिमीवर येते. मोठ्यालहानातला फरक ताणला जातो. आमच्या मते नवशिक्याने `Surface` च घ्यावा. वर्तुळं मोजून पडताळता येतात, आणि नजरेची चूक बऱ्याच अंशी सूची सावरते.

एकावर एक आलेली वर्तुळं

या नकाशात खरी गर्दी एकाच जागी आहे, पुणे आणि पिंपरी-चिंचवड. कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली जवळ वाटतात, पण या प्रमाणात इचलकरंजीपासून बाकीची दोन्ही सुमारे १३ मिमीवर आहेत, ती एकमेकांना लागत नाहीत.

लहान वर्तुळ नेहमी मोठ्याच्या वर हवं. `Symbology` च्या तळाशी `Layer Rendering` मध्ये `Control feature rendering order` वर खूण करा आणि `pop` उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे पुणे आधी काढलं जाईल आणि पिंपरी-चिंचवड त्याच्यावर. भराव ६० ते ७० टक्के अपारदर्शक आणि कडेला पांढरी ०.३ मिमीची रेघ ठेवली की झाकलेला भागही कळतो. भरावाची अपारदर्शकता भरावाच्या रंगातच कमी करा. अख्ख्या थराची कमी केली तर वर्तुळं एकमेकांतून न दिसता सगळीच फिकी पडतात.

वर्तुळ थोडं बाजूला सरकवून गर्दी टाळायचा मोह होईल. दोन-तीन मिमी सरकवलं तर कोणाचं बिघडत नाही, पण पिंपरी-चिंचवड पुरतं सुटं करायला दोन्ही केंद्रांत १६ मिमी अंतर लागेल. म्हणजे ते दुप्पट लांब, २८ किमीवर जाईल. त्यापेक्षा कोपऱ्यात पुणे परिसराचा मोठ्या प्रमाणातला छोटा नकाशा द्यावा. त्यातही वर्तुळांचा आकार मुख्य नकाशाइतकाच ठेवा, नाहीतर दोन सूच्या द्याव्या लागतील.

सूची

सूचीशिवाय वर्तुळांचा नकाशा नुसती सजावट असते. `Symbology` मधल्या `Advanced` बटणाखाली `Data-defined Size Legend` आहे. त्यात `Collapsed legend` घेतलं की वर्तुळं एकात एक, तळाला टेकलेली येतात आणि जागा वाचते. किंमती आपोआप येतील त्या ठेवू नका, गोल आकडे हाताने भरा: ३० लाख, १० लाख, २ लाख, ५० हजार. त्यांचे व्यास अनुक्रमे १७.६, १०.२, ४.६ आणि २.३ मिमी यायला हवेत. तीन-चार वर्तुळं पुरतात, पण त्यातलं एक नकाशातल्या सगळ्यात लहान शहराच्या जवळचं असायलाच हवं.

छटा कुठे आणायची

छटा अजिबात टाकून द्यायची नाही. खालच्या थरात जिल्ह्यांची घनता फिक्या राखाडीच्या तीन-चार छटांत भरून त्यावर वर्तुळं ठेवली, तर शहर किती मोठं आणि भोवतालचा जिल्हा किती दाट हे एकत्र वाचता येतं. खालची छटा वर्तुळांपेक्षा बरीच फिकी हवी.

छटा वर्तुळाच्या आतही वापरता येते. आकार एकूण लोकसंख्येचा आणि रंग वाढीच्या दराचा. २००१ ते २०११ मध्ये पुणे शहर २५.४ लाखांवरून ३१.२ लाखांवर गेलं, म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड सुमारे १० लाखांवरून १७.३ लाखांवर गेलं, सुमारे ७० टक्के. आकारात पुणे मोठं राहतं आणि रंगात पिंपरी-चिंचवड गडद होतं. रंगाचे गट करताना नुसते समान अंतराचे वर्ग पाडू नका. पिंपरी-चिंचवडसारखा एखादा आकडा खूप वर असला की बाकीची बहुतेक शहरं तळाच्या एकाच गटात जमतात आणि नकाशा एकरंगी होतो. सगळे आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि जिथे मोठी उडी दिसते तिथे गट तोडा.

छापल्यावर मोजा

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर सगळा नकाशा थोडा आकसतो. सूची सोबतच आकसते म्हणून वर्तुळं खरी राहतात, पण ‘१:१८,००,०००’ हे लिहिलेलं प्रमाण खोटं पडतं. रेघेचं प्रमाण दिलं असेल तर तेही सूचीबरोबर आकसतं आणि बरोबर राहतं.

मग पट्टीने दोन व्यास मोजा, पुणे आणि सोलापूर. १८ आणि १० च्या आसपास यायला हवेत. १८ भागिले १० म्हणजे १.८, त्याचा वर्ग ३.२४. लोकसंख्येचं गुणोत्तर ३.२८ आहे, म्हणजे जमलं. वर्ग १० च्या पुढे आला तर `Radius` राहून गेलं आहे. ३.९ च्या आसपास आला तर `Flannery` आहे. आणि वर्ग २.९ च्या आसपास येऊन सातारा बारामतीच्या दुपटीहून जास्त रुंद भरला, तर शून्याऐवजी `Values from` मध्ये बारामतीचा आकडा आणि `Size from` मध्ये २ बसलेला आहे.